दाराकडे उठणारा आर्म

आमच्या प्रोजेक्टला सगळे रोबोट म्हणायचे, पण तो होता एकच सांधा. टेबलाच्या कडेला घट्ट बसवलेली मोटर, तिच्या दांड्याला हातभर लांबीची अॅल्युमिनियमची पट्टी आणि पट्टीच्या टोकाला बिडाची गोल चकती. पट्टी टेबलाच्या कडेबाहेर लोंबायची आणि मोटर फिरली की एका बाजूला दाराकडे, दुसऱ्या बाजूला खिडकीकडे वर जायची. आम्ही तिला आर्म म्हणायचो. लॅबमधले मामा तिला ‘लंगडा’ म्हणायचे.

मामा लॅब सांभाळायचे. किल्ल्या त्यांच्याकडे, स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याकडे, आणि कुणाचं काय बिघडलंय ही बातमीही सगळ्यात आधी त्यांच्याकडेच असायची.

प्रोजेक्टमध्ये आम्ही दोघी होतो. ती कोल्हापूर शहरातली. घरचं दुकान, काका-चुलत्यांचे वेगवेगळे धंदे. ती स्कूटरवरून यायची आणि शिक्षकांशी बोलताना तिचा आवाज कधी खाली जायचा नाही. मी मुरगूडच्या अलीकडच्या एका गावातून एसटीनं यायचे. माझ्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली. आमच्याकडे मुलीसुद्धा ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्यावर हसलं आणि तेव्हापासून मी ‘येते’, ‘जाते’ म्हणायला लागले. घाई झाली किंवा राग आला की मात्र मूळचंच तोंडात यायचं.

काम आम्ही वाटून घेतलं होतं. आर्म कुठल्या कोनात आहे ते मोजणं आणि पडद्यावर ग्राफ काढणं, हा भाग तिचा. त्या कोनाला मोटरनं किती जोर लावायचा याचं गणित माझं.

ते गणित मला आवडायचं, कारण ते मी अंगानं ओळखत होते. भरलेली कळशी अंगालगत सरळ खाली धरली की हाताला पीळ बसत नाही. तीच हात आडवा करून धरली की खांदा थरथरतो. आर्मचंही तसंच. सरळ खाली लोंबत असेल तर मोटरला जोर लावायचं कारण नाही; आडवा असेल तर सगळ्यात जास्त; मधल्या कोनांना त्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात. तो जोर मोटर सतत पुरवत राहिली की आर्मला स्वतःचं वजनच उरत नाही. बोटानं वर ढकला, सोडा, तो तिथंच थांबतो. याला ग्रॅव्हिटी कॉम्पेन्सेशन म्हणतात. प्रोजेक्टचा पहिला टप्पा तोच होता.

दुसरा टप्पा कॉम्प्युटेड टॉर्कचा. त्यात आर्मला एक ठरलेली चाल द्यायची आणि त्या चालीत प्रत्येक क्षणाला किती वेग, किती त्वरण हवं ते आधीच काढून ठेवायचं. मग त्वरणासाठी लागणारा जोर, घर्षणासाठी लागणारा जोर आणि वजन पेलायला लागणारा जोर, सगळे मिळून मोटरला सांगायचे. एवढं करूनही जी चूक उरेल तेवढीच मागून दुरुस्त करायची.

जानेवारीत आमच्या गाईड मॅडमनी आम्हाला बोलावून सांगितलं, की कोल्हापुरातल्या एका छोट्या कारखान्याचे मालक एप्रिलमध्ये आर्म बघायला येणार आहेत. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग, उचलून मशीनवर ठेवणारे यांत्रिक हात ते बनवतात. त्यांना एक ट्रेनी हवा होता. “तुमच्या दोघींपैकी एक घेतील,” मॅडम म्हणाल्या. “एकच.”

त्या दिवशी एसटीत बसल्यावर मी मनात हिशेब केला. तिला ती जागा मिळाली नाही तरी तिच्यापुढं पुणं होतं, पुढचं शिक्षण होतं, काका होते. माझ्यापुढं गावाकडचे पाहुणे होते, जे माझ्या वडिलांना, आप्पांना, दर महिन्याला विचारायचे, “पोरीचं शिक्षण संपलं का न्हाय अजून?” ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की ते मी कुणाजवळ बोललेसुद्धा नाही.

तोवर आर्म नीट चालत होता. तो बिघडला फेब्रुवारीच्या सुरुवातीला.

एका सकाळी मी लॅबमध्ये पहिली पोचले, चालू केलं, आर्म मोकळा सोडला, आणि तो सरळ लोंबायचा सोडून हळूहळू दाराकडे उठायला लागला. आपण होऊन. चांगला अर्ध्याच्या वर गेला आणि तिथं थांबला. मी खाली ढकलला. परत उठला.

मामा दारातून आत आले आणि थबकले. “काय गं, ह्यो मला सलाम करालाय काय? चाळीस वर्सात पयल्यांदा कुणी केला बघ!”

मला हसू आलं नाही. वजनाचं गणित माझं होतं. आर्म आपण होऊन उठतोय म्हणजे वजनाचा जोर चुकला, म्हणजे मी चुकले. मी वहीतलं पान न् पान तपासलं. आर्म आडवा धरून ताणकाट्यानं टोकाचं वजन घेतलं होतं, ते परत घेतलं. तेवढंच आलं.

साडेदहाला ती आली. स्कूटरची किल्ली टेबलावर टाकली, आर्मकडे बघितलं आणि म्हणाली, “बंद करून चालू कर की गं.” तिनंच बटण बंद केलं. आर्म खाली पडला, झुलून थांबला. तिनं बटण चालू केलं. आर्म शहाण्यासारखा जिथल्या तिथं थांबायला लागला.

“बघ. झालं.”

“काय केलंस?”

“कुठं काय केलं? चालू केलं.”

असं एकदा झालं असतं तर मी विसरले असते. पुढच्या आठवड्यात दोनदा झालं. मी चालू केला की आर्म दाराकडे उठायचा. ती आली, तिनं हात लावला, की ठीक. तिसऱ्यांदा झालं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तो विचार आला. कोड तिच्या लॅपटॉपवर होता. संध्याकाळी लॅपटॉप ती घरी न्यायची आणि मोटर चालवणाऱ्या बोर्डात टाकलेला कोड तेवढा मागं राहायचा. जाताना ती बोर्डात काहीतरी बदलून जात असली तर? आणि सकाळी आल्यावर गुपचूप परत ठीक करत असली तर? मालक येतील तेव्हा माझ्या हातात आर्म उठेल, तिच्या हातात थांबेल. आणि गणित तर माझंच.

आज लिहिताना हे वेडेपणाचं वाटतं. तेव्हा नाही वाटलं. तेव्हा सगळं जागच्या जागी बसत होतं.

मी एक वही केली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तीत मी वार लिहायचे, आर्म किती उठला ते लिहायचे, आदल्या दिवशी ती किती वाजता गेली, लॅपटॉप उघडा होता की मिटलेला, सकाळी आल्यावर तिनं कशाला हात लावला, हे सगळं लिहायचे. वही मी बॅगेच्या तळाशी, डब्याच्या खाली ठेवायचे.

“काय लिहालीस सारखी?” एकदा तिनं विचारलं.

“रीडिंग.”

“मला दे की, ग्राफ काढतो.” तीसुद्धा कधीकधी तसं बोलायची, कोल्हापूरचीच ती. पण त्या दिवशी मला वाटलं, ही माझी नक्कल करतेय.

“कच्चं आहे अजून,” मी म्हणाले.

मार्चमध्ये संशय पक्का करणारी गोष्ट घडली. आर्मला दाराच्या बाजूला बरोबर आडवा थांबायला सांगायचं, अशी चाचणी मी सकाळी एकटीच घेत होते. चालू केलं, चाल दिली. पडद्यावर हवा असलेला कोन लाल रेषेत होता आणि मोजलेला कोन निळ्या रेषेत, आणि दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर. नव्वद अंश. सुंदर ग्राफ. पण डोळ्यांना काहीतरी खटकलं. वर्कशॉपमधून बुडबुड्याची लेव्हल आणली, पट्टीवर ठेवली, तर बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. आर्म आडवा नव्हताच. टोक चांगलं पंधरा-एक अंश खाली होतं.

पडदा म्हणतोय नव्वद आणि आर्म नव्वदवर नाही. ग्राफ कुणाचा? तिचा. मग मला दुसरं काही सुचेचना. ती ग्राफ हवे तसे काढून दाखवतेय, हे मी त्या बुडबुड्याकडे बघत ठरवून टाकलं.

विचारायला हवं होतं. मोजमाप कसं होतं, पडद्यावरचा कोन येतो कुठून, हे मी तिला एकदाही नीट विचारलं नव्हतं. मोटरच्या मागं एन्कोडर आहे, तो कोन सांगतो, एवढं मला माहीत होतं. बाकीचं ‘हे तुला अजून माहीत नाही?’ या भीतीनं तसंच राहिलं होतं. चार वर्षं मी हेच करत आले होते. वर्गात न कळलेलं घरी जाऊन शोधायचं, पण तोंडानं विचारायचं नाही.

त्या दिवशी ती आल्यावर मी लेव्हल पट्टीवरून उचललीच नाही. “ह्ये बघ,” मी म्हणाले. “तुझा ग्राफ खोटा हाय.”

तिनं बुडबुडा बघितला, पडदा बघितला. “कसं काय? थांब, परत चालू करून बघू.”

“न्हाय! परत चालू करायचं न्हाय. तू परत चालू केलंस की ठीक हुतंय. दर खेपेला. म्या लिवून ठेवलंय.”

“काय लिहून ठेवलंयस?”

मी बोलून बसले होते. वही काढून द्यावी लागली. तिनं उभ्यानंच चार पानं उलटली. तिचा चेहरा आधी नुसता नवलाचा होता, मग तो बदलला.

“‘पाच वीसला गेली. लॅपटॉप मिटवताना माझ्याकडे बघितलं.’” तिनं मोठ्यानं वाचलं. “मी जाताना तुला बाय करत होते गं.”

मी वहीसाठी हात पुढं केला.

“त्या जागेसाठी?”

तिनं वही टेबलावर ठेवली, किल्ली उचलली आणि गेली. मामा दाराशी फडकं हातात घेऊन उभे होते. त्यांनी पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे लेखी तक्रार दिली. अर्ज आप्पांनी लिहायला शिकवला होता तसाच, ‘महोदया, विनंती अर्ज करते की’ अशा सुरुवातीचा. सोबत वही जोडली. मॅडम वयानं फार मोठ्या नव्हत्या, पण त्यांची कागद वाचायची पद्धत न्यायाधीशासारखी होती. त्यांनी सगळी वही वाचली. मी समोर उभी.

“यात अकरा दिवस आहेत,” त्या म्हणाल्या. “अकराही बिघडलेले. चांगले दिवस कुठं आहेत?”

“ते... लिहिले नाहीत, मॅडम.”

“का?”

“चांगल्या दिवशी लिहिण्यासारखं काही नसायचं.”

“बरं. या अकरा दिवशी सकाळी आर्म चालू कुणी केला?”

“मी.”

“अकराही दिवस?”

“हो.”

“आणि ती आधी आली, तिनं चालू केला, आणि तरी तो उठला, असं एकदा तरी झालंय?”

मला आठवेना. आठवलं असतं तर मी लिहिलंच असतं.

“तिच्या येण्या-जाण्याचा मिनिटामिनिटाचा हिशेब आहे इथं,” मॅडम म्हणाल्या. “तू मात्र या वहीत कुठंच नाहीस.” मग त्या उठल्या. “चल. रोज सकाळी काय करतेस ते मला करून दाखव. दारापासून. एकही गोष्ट गाळायची नाही.”

आम्ही लॅबमध्ये गेलो. ती नव्हती, मॅडमनी तिला निरोप पाठवला. आर्म आदल्या संध्याकाळी मीच ठेवला होता तसा होता: पट्टीखाली स्टुलावर लाकडाचा ठोकळा, आर्म त्यावर टेकून खिडकीकडे जरासा कललेला. मी बॅग ठेवली. पंखा लावला. बटण चालू केलं. आणि मग ठोकळा काढला.

आर्म खाली आला, क्षणभर सरळ लोंबला, आणि दाराकडे उठायला लागला.

“थांब,” मॅडम म्हणाल्या. “हा ठोकळा कुणाचा?”

“माझा. फेब्रुवारी लागताना ही चकती बसवली तेव्हापासून रोज जाताना मी लावते.”

“कशासाठी?”

आप्पा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका शॉपमध्ये रेडियल ड्रिल, म्हणजे लोखंडाला भोकं पाडायचं मोठं मशीन, चालवतात. त्या मशीनलाही एक मोठा आडवा हात असतो. शिफ्ट संपली की तो खाली घेऊन लाकडावर टेकवायचा. वजन रात्रभर लोंबकळत ठेवायचं नाही. आणि सकाळी आधी मशीन चालू करायचं, मग लाकूड काढायचं. मशीन बंद असताना टेकू काढला तर हात कुणाच्या अंगावर येईल सांगता येत नाही. हे मी लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हापासून बघत आले होते. माझ्यासाठी ती सवय नव्हती, शिस्त होती. मी ते मॅडमना सांगितलं, आणि सांगताना थोडा अभिमानही वाटला.

“आणि ती चालू करते तेव्हा?”

याचं उत्तर मामांनी दिलं. “ती आल्या आल्या लाकूड काढून खाली फेकती की. म्हणती, मामा ह्यो कचरा रोज हितं का ठिवता? मी म्हटलं, मी न्हाय ठिवत बाई. तिला वाटतंय मीच ठिवतोय.”

तेवढ्यात ती आली. दारातच उभी राहिली. मॅडमनी तिला एकच विचारलं, “एन्कोडर शून्य कुठं धरतो?”

“जिथं चालू होईल तिथं,” ती म्हणाली. “साधा एन्कोडर आहे, मॅडम. वीज गेली की विसरतो. चालू झाला की त्या क्षणी आर्म जिथं असेल ते शून्य, आणि तिथून पुढं मोजतो. म्हणून कोडमध्ये सगळ्यात वर लिहिलंय, आर्म सरळ लोंबत असतानाच चालू करा.”

मी ती ओळ वाचली होती. इंग्रजीत होती, एका वाक्याची. मला वाटलं होतं, ती पहिल्या वेळेपुरती सूचना आहे. मशीनला एकदा सांगितलं की ते लक्षात ठेवतं, अशी माझी समजूत होती.

मॅडम खडू घेऊन फळ्याकडे गेल्या, पण मला फळा लागला नाही. आर्म ठोकळ्यावर खिडकीकडे पंधरा अंश कललेला असताना मी बटण दाबायचे. त्याच्या लेखी तेच सरळ. मग ठोकळा काढला की तो खरोखर सरळ खाली यायचा, पण त्याला वाटायचं, आपण दाराकडे पंधरा अंश कललोय. वजन पेलायचा जो जोर त्या कोनाला लागतो तो मोटर इमानानं लावायची, दाराच्या दिशेनं. पेलायला वजन नव्हतंच, म्हणून आर्म उठायचा. वर जाताना तो जादा जोर कमी कमी होत जायचा, आणि घर्षणाला भारी पडेनासा झाला की आर्म थांबायचा. माझं गणित बरोबर होतं. तिचा ग्राफही खोटा नव्हता. आर्म त्याच्या शून्यापासून खरंच नव्वदवर होता. ते शून्य पंधरा अंशांनी सरकवलेलं होतं, आणि ते रोज सकाळी मी सरकवत होते.

ती येऊन ‘बंद करून चालू’ करायची तेव्हा ठोकळा मी आधीच काढलेला असायचा. बंद केल्यावर आर्म पडून सरळ लोंबायचा, आणि तिथून चालू. बस. तिची करणी ती एवढीच, आणि तीही तिला माहीत नव्हती.

“करून बघा,” मॅडम म्हणाल्या, आणि आमची दोघींची चार-चार वेळा परीक्षा घेतली. ठोकळ्यावर चालू केला, उठला. लोंबता चालू केला, थांबला. कुणीही बटण दाबलं तरी तेच. चौथ्या वेळी मामा म्हणाले, “आता मी दाबू काय? माझंबी नाव हुईल वहीत.” मॅडम हसल्या. आम्ही दोघी नाही.

मॅडमनी माझा अर्ज परत दिला नाही. “याच्या खाली लिही, काय सापडलं ते. तुझ्याच अक्षरात. मग मी फाइलला लावते.” मी लिहिलं. पाच ओळींना मला पाऊण तास लागला.

बाहेर व्हरांड्यात ती उभी होती. मी म्हणाले, “चुकलो मी.”

“हं.”

“तू एकदा तरी ओरड की माझ्यावर.”

“ओरडून काय करू?” ती म्हणाली. “तू वही काढशील.”

पुढचे तीन आठवडे आम्ही काम केलं. दुसरा टप्पाही जमला. दिलेल्या चालीवर आर्म असा चालायचा की लाल आणि निळी रेषा वेगळी काढायला डोळे जवळ न्यावे लागायचे. पण बटण दाबण्याआधी ती दर वेळी वाकून आर्म खरंच सरळ लोंबतोय का ते बघायची, मी बघून झालं असलं तरी. मी काही म्हणायचे नाही. तिला तो हक्क होता. संशय आता तिच्या बाजूला गेला होता आणि तिथं तो माझ्याइतका बोलका नव्हता.

एप्रिलच्या एका शनिवारी मालक आले. साधा शर्ट, खिशाला पेन, हाताला ग्रीसचा काळेपणा. त्यांनी आर्म बोटानं वर नेला, सोडला, थांबला. दुसऱ्या बाजूला नेला; थांबला. मग त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून आर्मच्या टोकाला अडकवला. आर्म हळूहळू खाली जायला लागला.

“हे काय?” त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“गणितात चकतीचं वजन आहे, किल्ल्यांचं नाही,” मी म्हणाले. “जेवढं सांगितलंय तेवढंच तो पेलतो. जादा वजन घर्षणापेक्षा भारी झालं की खाली जातो.”

“मग आमचं कास्टिंग दर वेळी वेगळ्या वजनाचं असलं तर?”

“तर उचलल्यावर आधी वजन ओळखायला लागेल,” ती म्हणाली. “आडवा स्थिर धरायला मोटर किती करंट घेते त्यावरून.”

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, “सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?”

तिनं माझ्याकडे बघितलं. ते उत्तर तिनं माझ्यावर सोडलं होतं, हे मला कळलं. मी सगळं सांगितलं. ठोकळा, शून्य, वहीसुद्धा. सांगताना शुद्ध बोलायचं राहून गेलं. “मला वाटलं हीच कायतरी करती. म्हणून मी हिच्याच मागं लागलो, आर्म बघितलाच न्हाय.”

मालकांनी ठोकळा मागून घेतला, उलटापालटा करून बघितला आणि परत दिला.

आठ दिवसांनी मॅडमनी सांगितलं. जागा तिला मिळाली.

मी अभिनंदन केलं. खरंच केलं, मनापासून करायचा प्रयत्न केला. पण दुपारी दोघी आर्म सोडवायला बसलो, तेव्हा माझ्या डोक्यात परत तेच सुरू झालं. तिच्या काकांचा धंदा फाउंड्रीला लागणाऱ्या मालाचा. कोल्हापुरात असे कारखाने किती, आणि एकमेकांना न ओळखणारे त्यात किती? मला ते विचार ओळखीचे वाटले. अगदी असेच ते फेब्रुवारीत आले होते, असेच जागच्या जागी बसत होते. तेव्हा मी चुकले होते. म्हणून आताही चुकतेय, असंही ठरवता येत नव्हतं.

चकतीचा नट सोडवता सोडवता मी विचारलं, “तुझे काका त्या मालकांना ओळखतात?”

“ओळखतात. त्यांच्या गिऱ्हाइकांना माल आमच्याकडूनच जातो.”

“काकांनी सांगितलं काही?”

“मला माहीत नाही.” तिनं पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं. “मी सांगू नका म्हणाले होते. त्यांनी ऐकलं का, ते मला माहीत नाही. मी त्यांना विचारलं नाही.”

“का न्हाय विचारलंस?”

“तू मला विचारलं होतंस?”

मामा पलीकडे कपाट उघडून आमच्या सामानाची वाट बघत होते. “पोरींनो, लंगड्याला द्या हिकडं. पुढच्या वर्साच्या पोरांना लागतोय.”

चकती निघाली. हातात घेतली तेव्हा ती मला वाटलं होतं त्यापेक्षा जड लागली. तिनं पट्टी उचलली, मी चकती, आणि आम्ही दोघी कपाटाकडे गेलो.

“आज रात्री विचारते,” ती चालता चालता म्हणाली. “काय असेल ते तुला सांगते.”

“सांगू नकोस,” असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते बोलले नाही. “सांग,” म्हणाले.